सवलतीचं पत्र: मेडिकलवाल्याला काय लिहावं, किती मागावं

प्रश्न: वय 72, ठाण्यात वर्तकनगरला राहतो. माझी ब्लडप्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉल आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी, पत्नीची थायरॉइड, ब्लडप्रेशर आणि शुगरची औषधं, मिळून महिन्याला साधारण 3,600 रुपयांचं बिल होतं. सगळं कोपऱ्यावरच्या एकाच मेडिकलमधून घेतो. एकत्र घेतो म्हणून सवलत द्या असं पत्र त्यांना द्यायचं आहे. किती मागावं आणि काय लिहावं? गयावया नको आणि भांडणही नको.

उत्तर:

काका, मी नौपाड्यात 29 वर्षं मेडिकल चालवलं, त्यामुळे अशी पत्रं काउंटरच्या पलीकडून नाही, अलीकडून वाचलेली आहेत. बहुतेकांत वय, पेन्शन आणि महागाई असायची. वाचून मनाला लागायचं, पण दर महिन्याला किती सोडता येईल हे ठरवण्यासारखं त्यात काही सापडायचं नाही. मग कधी पाच टक्के, कधी नुसतं "बघू" असं व्हायचं. एका आजोबांनी मात्र पत्राबरोबर स्ट्रिप मोजून यादी आणली होती आणि दर महिन्याच्या 5 तारखेला येईन असं लिहिलं होतं. त्यांना मी त्याच दिवशी हो म्हटलं. वयाची कदर होतीच, पण सवलत दिली ती यादीमुळे. ती का, हे कळलं की तुमचं पत्र आपोआप बरोबर उतरेल.

आधी दुकानदाराच्या हातात किती असतं ते बघू. सरकारच्या 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत ठरते आणि त्या किमतीत किरकोळ विक्रेत्याचा वाटा 16 टक्के धरलेला असतो. हा 16 टक्के विक्रेत्याच्या खरेदी किमतीवर असतो, एमआरपीवर नाही. त्यामुळे 5 टक्के जीएसटी वजा करून हिशोब केला, तर 100 रुपयांच्या स्ट्रिपमागे हातात साधारण 13 रुपये राहतात. यादीबाहेरच्या औषधांत व्यापाराची रूढ पद्धत 20 टक्क्यांची आहे, तिथे 100 मागे 19 च्या आसपास सुटतात. दुकानाचं भाडं, फार्मासिस्टचा पगार, वीज आणि मुदत संपलेल्या मालाची खोट हे सगळं यातूनच जातं.

तुमचं 3,600 चं बिल घेऊ. समजा त्यातली 1,400 ची औषधं किंमत नियंत्रणातली आणि 2,200 ची बाहेरची. दुकानदाराचे पहिल्या भागात साधारण 184 रुपये आणि दुसऱ्यात 419, म्हणजे एकूण 603 रुपये. तुम्ही सरसकट 20 टक्के मागितलेत तर ते 720 होतात. म्हणजे तुमची औषधं देताना त्याच्या खिशातून शंभरावर रुपये जाणार. मोबाइलवरच्या जाहिरातीतला आकडा पत्रात लिहिला की पत्र तिथेच बाजूला पडतं, ते यामुळे. त्याऐवजी नियंत्रणातल्या औषधांवर 5 टक्के आणि बाकीच्यांवर 10 टक्के मागा. ते 70 आणि 220, मिळून 290 रुपये होतात. त्याच्या वाट्यातला जवळजवळ निम्मा भाग तुम्हाला येतो आणि निम्म्याहून थोडा जास्त त्याच्याकडे राहतो. वर्षाला तुमचे 3,480 रुपये वाचतात. माझ्या मते नियमित गिऱ्हाईकाने मागावं आणि दुकानदाराने द्यावं अशी ही रक्कम आहे. दोन वेगळे दर मागितले की समोरच्याला लगेच कळतं, हा माणूस हिशोब करून आला आहे.

कुठलं औषध नियंत्रणात आहे हे बघायला राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाचं Pharma Sahi Daam नावाचं अॅप आहे. त्यात औषधाचं नाव टाकलं की कमाल किंमत दिसते. नातवाला किंवा शेजारच्या मुलाला सांगून एकदा तुमची सात नावं तपासून घ्या. ढोबळमानाने टेल्मिसार्टन 40, साधी मेटफॉर्मिन 500, अॅटोरव्हास्टॅटिन 10, अॅस्पिरिन 75, थायरॉक्झिन 50 अशी एकट्या औषधाची जुनी गोळी यादीत असते. दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या बऱ्याचदा बाहेर असतात, आणि मोठं बिल बहुधा त्यांचंच होतं.

आता यादीकडे येते, कारण सगळी मेख तिथे आहे. काउंटरच्या खाली आमचा एक खण असायचा, कापलेल्या स्ट्रिपचा. कुणी म्हणतं "दहा द्या", स्ट्रिप पंधराची. कात्री लावायची, दहा द्यायच्या, पाच खणात. स्ट्रिपवर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख एकाच टोकाला छापलेली असते. ते टोक गिऱ्हाईकाकडे गेलं की उरलेल्या पाच गोळ्यांना ना बॅच ना तारीख. पुढचं गिऱ्हाईक असा तुकडा घेत नाही, आणि घेऊही नये. मुदत संपल्यावर अखंड स्ट्रिप स्टॉकिस्ट परत घेतो, कापलेली घेत नाही. महिन्याच्या शेवटी तो खण रिकामा करायला घेतला की मूठभर चंदेरी तुकडे निघायचे, आणि ते सरळ तोट्यात लिहायचे. तेव्हा "मी स्ट्रिप कापून मागणार नाही" हे वाक्य दुकानदाराच्या दृष्टीने रोख रकमेसारखं आहे. वर तारीख आधी कळली तर तो तेवढाच माल आदल्या दिवशी मागवतो. त्याचे पैसे कपाटात पडून राहत नाहीत.

म्हणून यादी गोळ्यांत नको, स्ट्रिपमध्ये करा. घरातली रिकामी स्ट्रिप समोर ठेवून बघा, ती दहाची आहे, चौदाची की पंधराची. पंधराची असेल आणि गोळी रोज एक असेल तर महिन्याला दोन. दहाची आणि रोज दोन गोळ्या असतील तर सहा. घोळ होतो तो चौदाच्या स्ट्रिपचा, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या अॅस्पिरिन 75 च्या गोळ्या बऱ्याचदा चौदाच्याच येतात. दोन स्ट्रिप म्हणजे 28 गोळ्या, महिन्याला दोन कमी पडतात, आणि त्या दोनसाठीच दर महिन्याला कात्री लागते. उपाय सोपा आहे. पहिल्या महिन्यात तीन स्ट्रिप घ्या, पुढचे सहा महिने दोन-दोन. 30 दिवसांच्या हिशोबाने सातव्या महिन्याच्या शेवटी बरोबर शून्य उरतं आणि आठव्याला पुन्हा तीन. 31 च्या महिन्यांमुळे एक-दोन गोळ्यांचा फरक पडतो, म्हणून तिसरी स्ट्रिप थोडी आधी घेतलीत तर उत्तम. ही गोळी मधे चुकवायची नसते.

थायरॉइडची गोळी बहुधा बाटलीत येते. शंभराची बाटली असेल तर तीन महिने आणि वर दहा दिवस पुरते. गोळ्या त्याच बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवायच्या, आठवड्याच्या डबीत महिनाभराच्या काढून ठेवायच्या नाहीत. यादीत ती "दर तीन महिन्यांनी एक बाटली" अशी लिहा, नाहीतर बिल कमी झालेल्या महिन्यात दुकानदाराला वाटेल की काका दुसरीकडून घेऊ लागले.

झोपेच्या गोळ्या घेत असाल तर त्या या पत्रात घालू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची नोंद शेड्युल एच-वनच्या वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासह करावी लागते. एकगठ्ठा यादीत त्या दिसल्या की सावध दुकानदार सगळ्या यादीकडेच संशयाने बघतो.

दुसरी अडचण चिठ्ठीची येते. नियम असा आहे की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पुन्हा द्यावं असं लिहिलेलं नसेल तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. ओळखीवर सगळीकडे चालवून घेतात खरं, पण तुम्ही लेखी व्यवस्था मागताय, तेव्हा समोरच्यालाही कागद लागतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोघांच्या चिठ्ठीवर "दरमहा, 3 महिने द्यावे" एवढं लिहून तारीख आणि सही करायला सांगा. त्याची झेरॉक्स पत्राला जोडा आणि मूळ चिठ्ठी दर महिन्याला सोबत न्या.

पत्र साधारण असं लिहा. यादीत औषधाचं नाव मात्र चिठ्ठीवर आहे तेच, म्हणजे कंपनीचं ब्रँड नाव घाला. मी इथे मूळ औषधांची नावं लिहिते.

*

दिनांक: ________

प्रति,
मालक / फार्मासिस्ट,
(दुकानाचं नाव), वर्तकनगर, ठाणे.

विषय: दोघांची मासिक औषधे एकत्र घेण्याबाबत आणि त्यावरील सवलतीबाबत

स. न. वि. वि.

मी व माझी पत्नी गेली काही वर्षे आपल्याच दुकानातून औषधे घेत आहोत. आमचे मासिक बिल सरासरी 3,600 रुपये असते. मागील तीन महिन्यांच्या बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

यापुढे आम्ही दोघांची औषधे महिन्यातून एकदाच, दर महिन्याच्या 5 तारखेला, एकाच बिलावर घेऊ. पूर्ण स्ट्रिपच घेऊ, कापून मागणार नाही. काही बदल असल्यास 2 तारखेपर्यंत फोन करून कळवू. रक्कम त्याच वेळी रोख किंवा यूपीआयने देऊ, उधारी ठेवणार नाही.

मासिक यादी:
माझ्यासाठी
टेल्मिसार्टन 40, 15 ची स्ट्रिप: 2
मेटफॉर्मिन 500, 20 ची स्ट्रिप: 3
अॅटोरव्हास्टॅटिन 10, 15 ची स्ट्रिप: 2
अॅस्पिरिन 75, 14 ची स्ट्रिप: 2 (पहिल्या महिन्यात 3)
पत्नीसाठी
थायरॉक्झिन 50, 100 ची बाटली: दर तीन महिन्यांनी 1
ब्लडप्रेशरची संयुक्त गोळी, 15 ची स्ट्रिप: 2
शुगरची संयुक्त गोळी, 10 ची स्ट्रिप: 6

आपणास विनंती की, किंमत नियंत्रणातील औषधांवर एमआरपीच्या 5 टक्के व इतर औषधांवर 10 टक्के सवलत द्यावी व ती बिलावर दाखवावी. औषधे चिठ्ठीवरील कंपनीचीच व किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेली मिळावीत. डॉक्टरांनी मध्येच औषध बदलल्यास न उघडलेली अखंड स्ट्रिप बिलासह 15 दिवसांत बदलून मिळावी.

ही व्यवस्था तीन महिने करून पाहू. आपणास सोयीची वाटल्यास पुढे चालू ठेवू.

आपला,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक)

सोबत: दोन चिठ्ठ्यांच्या प्रती, तीन बिलांच्या प्रती

*

तीन महिन्यांची मुदत मुद्दाम घातली आहे. कायमचं काही देताना दुकानदार कचरतो, तीन महिन्यांसाठी पटकन तयार होतो. आणि तीन महिन्यांत 5 तारीख तुम्ही पाळता हे त्याने बघितलं की बंद करण्याचा विचार त्याच्या मनात येत नाही. वय पत्रात कुठेच लिहिलेलं नाही, तेही मुद्दाम. चिठ्ठीवर ते आहेच.

पत्र संध्याकाळी सात ते नऊमध्ये नेऊ नका. तेव्हा आजूबाजूचे दवाखाने सुटतात आणि काउंटरवर चिठ्ठ्यांची रांग लागलेली असते. दुपारी तीन-साडेतीनला जा, मालक किंवा मुख्य फार्मासिस्ट असेल तेव्हाच द्या, काउंटरवरच्या मुलाकडे सोपवून येऊ नका. त्याला दर ठरवायचा अधिकार नसतो आणि कागद औषधांच्या डब्याखाली जातो. पत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा. लेखी उत्तराची वाट बघू नका, आमच्या धंद्यात असं उत्तर तोंडीच मिळतं. पहिल्या बिलावर सवलतीचा आकडा उमटला की तेच उत्तर समजायचं.

आता सवलत सुरू झाल्यावर कुठे बघायचं ते सांगते, कारण टक्के दिले जातात आणि दुसऱ्या बाजूने निघून जातात असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सगळ्यात जास्त होतं ते कंपनी बदलणं. औषध तेच, ताकद तीच, पण कंपनी वेगळी, जिच्या मालात दुकानाला फार मोठा नफा असतो. अशा मालावर 10 टक्के सोडणं अगदी सोपं. नियमानुसार चिठ्ठीवर लिहिलेल्याऐवजी दुसरी कंपनी दुकानदाराने आपल्या मनाने द्यायची नसते. स्वस्त पर्याय हवा असेल तर तो डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून आणा, मग तुम्हालाच त्याचा पूर्ण फायदा मिळेल. पण थायरॉइडच्या गोळीच्या बाबतीत कंपनी सारखी बदलू नका. तिथे मात्रेतला बारीकसा फरकही टीएसएचच्या रिपोर्टमध्ये दिसतो आणि मग डॉक्टर डोस बदलतात, जेव्हा बदललेली असते फक्त बाटली. तपासायला घरी जुनी रिकामी स्ट्रिप ठेवा आणि नवीन तिच्या शेजारी धरून कंपनीचं नाव वाचा. काउंटरवरच वाचा, घरी आल्यावर नको.

दुसरं मुदतीचं. पुढच्या महिना-दोन महिन्यांत मुदत संपणारा माल सवलतीच्या गिऱ्हाईकाच्या पिशवीत जातो. तुम्ही 30 दिवसांत संपवणार म्हणून अपाय होत नाही, पण डॉक्टरांनी औषध बदललं तर अशी स्ट्रिप कुणी परत घेत नाही. सहा महिन्यांची अट पत्रात आहे ती त्यासाठी.

तिसरं एमआरपीचं. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. त्याआधी छापलेली स्ट्रिप हाती आली तर तिच्यावरची किंमत जुनी असते आणि नवीन दराने ती साधारण सव्वासहा टक्के कमी व्हायला हवी. 100 रुपये छापलेले असतील तर 93 रुपये 75 पैसे. तेवढेच कमी करून "सवलत दिली" असं कुणी म्हटलं तर ती करकपात आहे, सवलत तिच्यानंतर मोजायची. बिलावर जीएसटीचा दर असतो, तो वाचला की उलगडा होतो.

बिल पक्कंच घ्या, बॅच नंबर आणि मुदत लिहिलेलं. दोघांचं बिल एकत्र असलं तरी कुणाचं कुठलं औषध ते वेगळं दाखवायला सांगा. तुम्हाला जुन्या नोकरीतून किंवा विम्यातून औषधांचे पैसे परत मिळत असतील तर मात्र एक विचार करा. परतफेड सवलत वजा करून उरलेल्या रकमेचीच होते. म्हणजे वाचलेले 290 तुमच्या खिशात येत नाहीत, मंजूर करणाऱ्याचे वाचतात. तिथे टक्क्यांपेक्षा घरपोच औषधं आणि स्ट्रिप बदलून देणं हेच मागा.

आणि दुकानदार नाही म्हणाला तर? छोट्या दुकानाला खरंच कधीकधी परवडत नाही, खासकरून तुमच्या बिलात नियंत्रणातली औषधंच जास्त असतील तर. तेव्हा टक्के सोडा आणि पत्रातली शेवटची मागणी, अखंड स्ट्रिप बदलून देण्याची, तेवढी तरी मान्य करून घ्या. शुगरची औषधं वर्षात एकदा-दोनदा तरी बदलतात. महिन्याच्या सुरुवातीला सहा स्ट्रिप घेतल्या आणि दहाव्या दिवशी डॉक्टरांनी गोळी बदलली, तर 20 गोळ्या म्हणजे दोन स्ट्रिप वापरून झालेल्या असतात आणि चार न उघडलेल्या घरात पडून राहतात. एका स्ट्रिपला दीडशे रुपये धरले तर एका फटक्यात 600 गेले, दोन महिन्यांच्या सवलतीइतके. दुकानदाराला मात्र त्या परत घ्यायला काही पडत नाही. माल त्याच्याच बॅचचा, बिलावर नंबर आहे, आणि 15 दिवसांत तो दुसऱ्याला विकला जातो.